लवादाच्या निवाड्याचा सारांश कसा करावा: वाद, रक्कम आणि मुदत

लवादाचा निवाडा हाती पडतो तेव्हा तो बहुधा इंग्रजीत, पन्नास-साठ पानांचा आणि परिच्छेद क्रमांकांनी भरलेला असतो. ज्यांना त्यावर निर्णय घ्यायचा असतो त्यांना, म्हणजे गृहनिर्माण संस्थेची कार्यकारिणी, छोट्या कंपनीचे भागीदार किंवा एखाद्या ठेकेदाराचे कुटुंबीय यांना, त्यातून तीनच गोष्टी हव्या असतात: भांडण नेमके कशावरून होते, कोणी कोणाला किती पैसे द्यायचे आणि ते केव्हापर्यंत द्यायचे. या तीन गोष्टींचा एका पानाचा सारांश करणे सोपे वाटते. प्रत्यक्षात असे सारांश वादाच्या भागात क्वचित चुकतात, रकमेत बरेचदा चुकतात आणि मुदतीच्या भागात बहुतेक वेळा अपुरे असतात. याचे कारण असे, की निवाड्यातील रक्कम हा सुटा आकडा नसतो. तो तारखेला बांधलेला असतो, आणि ती तारीख अनेकदा निवाड्याच्या कागदावर लिहिलेलीच नसते.

हे समजण्यासाठी एक कल्पित, पण रोजच्या व्यवहारात सहज आढळेल असे प्रकरण घेऊ. ठाण्यातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने जानेवारी २०२० मध्ये इमारतीच्या बाहेरील प्लास्टर, रंगकाम आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग यांचे काम एका ठेकेदाराला दिले. काम मार्च २०२१ मध्ये संपले आणि ठेकेदाराने अंतिम बिल सादर केले. संस्थेच्या वास्तुविशारदाने मोजमापे कमी धरली, संस्थेने पैसे रोखले, आणि करारात लवादाची तरतूद असल्याने प्रकरण एका निवृत्त न्यायाधीशांपुढे, म्हणजे एकल लवादापुढे गेले. त्यांनी ३० जून २०२३ रोजी निवाडा दिला. आता तो संस्थेच्या सभासदांना समजेल अशा रीतीने लिहायचा आहे.

निवाडा पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नये. आधी शेवटचा भाग, म्हणजे प्रत्यक्ष आदेशाचा भाग वाचावा. तो बहुधा एक-दोन पानांचा असतो आणि पैसे द्यावेत, दावा फेटाळण्यात येतो, अमुक कागद परत करावा अशी वाक्ये त्यातच असतात. ज्याची अंमलबजावणी होते तो हाच भाग. आधीची सगळी चर्चा म्हणजे त्याची कारणे. लवाद व समेट अधिनियम, १९९६ च्या कलम ३१ प्रमाणे पक्षकारांनी वेगळे ठरवले नसेल तर लवादाने कारणे द्यावीच लागतात, त्यामुळे चर्चा लांबते, आणि त्या चर्चेत असे अनेक आकडे येतात जे शेवटी आदेशात टिकत नाहीत. सुरुवातीपासून वाचणाऱ्याच्या डोक्यात हे मधले आकडे घर करून बसतात, आणि पुढे सारांशात नेमके तेच उतरतात.

आदेश वाचून झाला की मागे वळून लवादाने निश्चित केलेले मुद्दे शोधावेत. दावा आणि त्याला दिलेले उत्तर दाखल झाल्यावर वादाचे प्रश्न लवाद क्रमाने लिहून काढतात आणि निवाड्यात प्रत्येक मुद्द्यापुढे होकारार्थी, नकारार्थी किंवा अंशतः होकारार्थी असे उत्तर देतात. सारांशातील वादाचा भाग या मुद्द्यांवरून लिहावा, पक्षकारांच्या निवेदनांवरून नव्हे. निवेदनांत राग असतो, फसवणुकीचे आरोप असतात आणि लवादाने ज्यांवर काहीच ठरवलेले नाही अशा गोष्टीही असतात. आपल्या प्रकरणात संस्थेने आपल्या उत्तरात ठेकेदारावर निकृष्ट माल वापरल्याचा आरोप केला होता, पण त्याचा पुरावा दिला नाही आणि त्यावर स्वतंत्र मुद्दाही निघाला नाही. अशा आरोपाला सारांशात जागा देऊ नये, कारण सारांश वाचणारा सभासद तो आरोप लवादाने मान्य केला असे समजून बसेल.

वादाच्या भागासाठी चार-पाच वाक्ये पुरतात, मात्र प्रत्येक वाक्यात बोलणारा कोण हे स्पष्ट असले पाहिजे. ‘बिल अठरा लाख चाळीस हजारांचे होते’ हे विधान आणि ‘ठेकेदाराच्या म्हणण्यानुसार बिल अठरा लाख चाळीस हजारांचे होते’ हे विधान यांत मोठे अंतर आहे. मी स्वतः अशा सारांशात ‘मागितले’, ‘नाकारले’ आणि ‘मान्य झाले’ ही तीनच क्रियापदे जाणीवपूर्वक वापरतो. पहिले दावेदाराचे, दुसरे सामनेवाल्याचे आणि तिसरे फक्त लवादाचे.

आता रक्कम. ठेकेदाराने चार बाबींखाली पैसे मागितले होते. अंतिम बिलापोटी १८,४०,००० रुपये, रोखून ठेवलेल्या सुरक्षा अनामतीपोटी ३,६०,००० रुपये, खांबांच्या जादा दुरुस्तीपोटी ५,२०,००० रुपये आणि टाळेबंदीच्या काळात मजूर बसून राहिले म्हणून ४,००,००० रुपये. एकूण मागणी ३१,२०,००० रुपयांची झाली, आणि तिच्यावर १८ टक्के व्याज. संस्थेनेही प्रतिदावा केला होता. काम उशिरा झाल्याबद्दल ६,००,००० रुपये दंड आणि गच्चीच्या गळतीची दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घ्यावी लागली म्हणून २,८०,००० रुपये तिने मागितले होते.

लवादाने संयुक्त मोजणीचा तक्ता ग्राह्य धरून अंतिम बिलाचे १५,६०,००० रुपये मान्य केले. अनामत पूर्ण परत करायला सांगितली. जादा दुरुस्तीपैकी वास्तुविशारदाची लेखी सूचना जेवढ्या कामाला होती तेवढ्याचेच २,००,००० रुपये दिले. मजुरांच्या नुकसानीची मागणी करारातील कलमाच्या आधारे फेटाळली. संस्थेचा उशिराचा दंडही फेटाळला, कारण संस्थेनेच पत्र देऊन मुदत वाढवली होती. गळतीच्या दुरुस्तीची मात्र जेवढी बिले सादर झाली तेवढे १,२०,००० रुपये संस्थेला मान्य केले.

चर्चेतील एका परिच्छेदाच्या शेवटी ‘दावेदाराची मागणी २१,२०,००० रुपयांपर्यंत मान्य करण्यात येते’ असे वाक्य आहे, आणि घाईने केलेल्या सारांशात बहुधा हाच आकडा उतरतो. पण पुढे प्रतिदाव्याचे १,२०,००० रुपये वजा होऊन आदेशात आलेले मुद्दल २०,००,००० रुपये आहे. प्रतिदावा अंशतः मान्य झाला असेल तर वजावट व्याज लावण्याच्या आधी केली की नंतर, हे आदेशाच्या शब्दांवरून तपासावे लागते. लवादाने दोन्ही बाजूंच्या रकमा आधी वळत्या करून उरलेल्या रकमेवर व्याज दिले असेल तर एक बेरीज येते. दोन्हींवर वेगवेगळ्या तारखांपासून वेगळे व्याज दिले असेल तर दुसरीच येते. आपल्या निवाड्यात वजावट आधी झाली आहे, म्हणून पुढचा हिशेब सरळ आहे.

व्याजाचे दोन कालखंड असतात आणि सारांशात ते वेगवेगळे दिसले पाहिजेत. पहिला कालखंड पैसे देय झाल्यापासून निवाड्याच्या तारखेपर्यंतचा. या काळासाठी पक्षकारांच्या करारात काही वेगळे ठरलेले नसेल तर लवादाला वाजवी वाटेल तो दर, वाजवी वाटेल त्या रकमेवर आणि पूर्ण किंवा अंशतः काळासाठी लावता येतो. आपल्या प्रकरणात त्यांनी १ जुलै २०२१ पासून ३० जून २०२३ पर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के सरळव्याज दिले. वीस लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाला १,८०,००० रुपये, म्हणजे दोन वर्षांचे ३,६०,००० रुपये. ठेकेदाराने मागितलेला १८ टक्क्यांचा दर निवाड्यात निदान पाच ठिकाणी येतो, पण प्रत्येक वेळी मागणी म्हणून. आदेशात तो कुठेच नाही.

दुसरा कालखंड निवाड्याच्या तारखेपासून पैसे हातात पडेपर्यंतचा. हे व्याज निवाड्याच्या दिवशी शून्य असते आणि नंतर रोज वाढत जाते. त्यामुळे ते एकूण रकमेत मिळवता येत नाही, तसेच वगळताही येत नाही. त्याचा दर काय आणि ते कोणत्या रकमेवर चढते हे दोन्ही लिहावे लागते. येथे एक जुना प्रश्न होता: हे पुढचे व्याज फक्त मुद्दलावर चढते, की मुद्दल आणि निवाड्यापर्यंतचे व्याज यांच्या बेरजेवर? हायडर कन्सल्टिंग विरुद्ध ओरिसाचे राज्यपाल या प्रकरणात नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले, की लवादाने निवाड्यापर्यंतचे व्याज मुद्दलात धरून रक्कम ठरवली असेल तर ‘निवाड्याने द्यायला सांगितलेली रक्कम’ म्हणजे ती पूर्ण बेरीज, आणि पुढचे व्याज त्या बेरजेवर चढते. व्याजावर व्याज लागले म्हणून सभासद तक्रार करतात, पण कायद्याची रचनाच तशी आहे. सारांशात हे एका वाक्यात सांगून टाकलेले बरे.

आपल्या आदेशातील मजकूर असा आहे: सामनेवाल्याने मुद्दल २०,००,००० रुपये, निवाड्यापर्यंतचे व्याज ३,६०,००० रुपये आणि लवादाच्या कामकाजाचा खर्च १,५०,००० रुपये दावेदारास निवाड्याची स्वाक्षरीत प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांत अदा करावेत, तसे न केल्यास मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या २३,६०,००० रुपयांवर निवाड्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष अदायगीपर्यंत द.सा.द.शे. १२ टक्के व्याज द्यावे. म्हणजे मुदतीत भरायची रक्कम २५,१०,००० रुपये. मुदत चुकल्यास चढणारे व्याज वर्षाला २,८३,२०० रुपये, दिवसाला साधारण ७७६ रुपये. खर्चाचे दीड लाख या व्याजाच्या पायात येत नाहीत, कारण आदेशाने ते वेगळे ठेवले आहेत.

त्या वाक्यातील ‘निवाड्याच्या तारखेपासून’ हे दोन शब्द पुन्हा वाचावेत. मुदतीत पैसे भरले तर पुढचे व्याज काहीच नाही. मुदत एका दिवसाने चुकली तर व्याज एका दिवसाचे लागत नाही, ते मागे जाऊन ३० जूनपासून लागते. संस्थेने मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, ९ सप्टेंबर २०२३ ला, पैसे भरले तर तोपर्यंतच्या ७१ दिवसांचे मिळून सुमारे ५५,००० रुपये अधिक द्यावे लागतील. याच जागी आदेशात ‘मुदत संपल्यापासून’ असे शब्द असते तर ७७६ रुपयांत भागले असते. एवढा फरक एका शब्दप्रयोगाने पडतो, म्हणून व्याजाची सुरुवात कुठून होते हे सारांशात आपल्या शब्दांत न लिहिता आदेशातील शब्द जसेच्या तसे अवतरणात द्यावेत. सारांशात शब्दशः उतरवण्यासारखे एखादेच वाक्य असेल तर ते हे.

आणि आदेशात पुढच्या व्याजाबद्दल काहीच नसेल तर? मग सारांशात ‘व्याज नाही’ असे लिहिणे चूक ठरते. लवादाने वेगळे काही सांगितले नसेल तर कलम ३१ मधील उपकलम ७ प्रमाणे निवाड्याच्या तारखेपासून आपोआप व्याज चढते. त्याचा दर निवाड्याच्या दिवशी चालू असलेल्या व्याजदरापेक्षा दोन टक्क्यांनी जास्त असतो, आणि चालू व्याजदर म्हणजे काय यासाठी कायदा १९७८ च्या व्याज अधिनियमातील व्याख्येकडे बोट दाखवतो. ऑक्टोबर २०१५ मधील दुरुस्तीपूर्वी हा आपोआप लागणारा दर सरळ १८ टक्के होता. जुन्या निवाड्यांवरून नमुना घेऊन सारांश लिहिणाऱ्यांच्या हातून तो १८ चा आकडा अजूनही उतरतो.

आता मुदतीकडे वळू. मुदत या एका शब्दाखाली दोन स्वतंत्र गोष्टी येतात. एक, निवाड्याने दिलेली मुदत, आपल्या प्रकरणात ६० दिवस. दुसरी, कायद्याने दिलेली मुदत, म्हणजे दुरुस्तीसाठी अर्ज, निवाडा रद्द करण्यासाठी न्यायालयात अर्ज आणि त्यानंतर अंमलबजावणी यांची कालमर्यादा. पहिलीवर पैसे अवलंबून असतात आणि दुसरीवर हक्क. दोन्ही एकाच दिवशी सुरू होतात आणि वेगवेगळ्या दिवशी संपतात. त्या एकाच परिच्छेदात मिसळल्या की वाचणारा सभासद हमखास असे समजतो, की न्यायालयात जायला तीन महिने आहेत तर पैसे भरायलाही तीन महिने आहेत.

दोन्ही मुदती कोणत्या दिवसापासून मोजायच्या, हे आधी ठरवावे लागते. तो दिवस म्हणजे निवाड्यावरची तारीख नव्हे. कायद्याप्रमाणे निवाड्याची स्वाक्षरीत प्रत प्रत्येक पक्षकाराला दिली गेली पाहिजे, आणि न्यायालयात जाण्याची मुदत ती प्रत मिळाल्यापासून सुरू होते. महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेच स्पष्ट केले: लवादाने दिलेली स्वाक्षरीत प्रत पक्षकाराच्या हाती पडली पाहिजे, दुसऱ्या बाजूकडून मिळालेल्या छायाप्रतीने मुदत सुरू होत नाही. त्याआधी, २००५ मध्ये, रेल्वेच्या एका प्रकरणात न्यायालयाने असेही म्हटले होते, की मोठ्या यंत्रणेत प्रत कोणाच्याही टेबलावर पडून चालत नाही. ज्याला प्रकरण माहीत आहे आणि निर्णय घेण्याचा अधिकार आहे अशा व्यक्तीकडे ती पोहोचली पाहिजे. गृहनिर्माण संस्थेच्या बाबतीत वॉचमनने घेतलेल्या पाकिटावरून पुढे वाद होऊ शकतो तो याच कारणाने, म्हणून आवक नोंदवहीतील नोंद आणि सचिवांची सही असलेले पाकीट दोन्ही जपून ठेवावे.

आपल्या प्रकरणात संस्थेला स्वाक्षरीत प्रत १० जुलै २०२३ रोजी मिळाली. प्रत मिळाल्याचा दिवस सोडून मोजले तर जुलैचे २१, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे ८ दिवस मिळून साठावा दिवस ८ सप्टेंबर २०२३ हा येतो. सारांशात ‘६० दिवसांत’ एवढेच लिहिणे अर्धे काम आहे. ‘८ सप्टेंबर २०२३ पर्यंत, कारण प्रत १० जुलैला मिळाली’ असे लिहिले म्हणजे खजिनदाराला त्याचा उपयोग होतो, आणि मोजणीत चूक असेल तर ती दुसऱ्या कोणालाही पकडता येते.

ठेकेदारावरही एक बंधन होते, आणि पैशांच्या गडबडीत ते सारांशातून गळून पडण्याची शक्यता मोठी असते. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे हमीपत्र त्याने प्रत मिळाल्यापासून १५ दिवसांत संस्थेकडे द्यायचे होते. त्याला त्याची प्रत ७ जुलैला मिळाली होती, म्हणून त्याची मुदत २२ जुलैला संपत होती. एकाच निवाड्याचे दिवस दोन पक्षकारांसाठी वेगवेगळ्या तारखांपासून धावतात हे येथे दिसते. शिवाय हमीपत्र मिळाल्यावरच पैसे द्यायचे आहेत, की दोन्ही बंधने स्वतंत्र आहेत, हे आदेशात पाहावे लागते. येथे ती स्वतंत्र आहेत. ठेकेदाराने हमीपत्र दिले नाही म्हणून संस्थेने पैसे रोखले असते तर बारा टक्क्यांचे व्याज संस्थेच्याच अंगावर चढले असते.

कायद्याने दिलेल्या मुदतींपैकी पहिली कलम ३३ ची. बेरजेतील चूक, टंकलेखनातील चूक किंवा, पक्षकारांचे तसे ठरलेले असेल तर, एखाद्या भागाचा अर्थ स्पष्ट करून घेणे यांसाठी प्रत मिळाल्यापासून ३० दिवसांत दुसऱ्या पक्षकाराला कळवून लवादाकडेच अर्ज करता येतो. मागणी केलेली असूनही एखाद्या बाबीवर निर्णयच दिला गेला नसेल तर त्याच ३० दिवसांत पूरक निवाडाही मागता येतो. आपल्या संस्थेसाठी हा दिवस ९ ऑगस्ट २०२३ होता. सारांश करताना बेरीज जुळत नाही असे लक्षात आले तर आपणच ती दुरुस्त करून लिहू नये. निवाड्यात आहे तो आकडा लिहावा, शेजारी आपली बेरीज वेगळी येते असे नमूद करावे, आणि ही ३० दिवसांची तारीख ठळक करावी. सारांश लवकर तयार करण्याचा खरा उपयोग बहुधा इथेच होतो, कारण आकडे पुन्हा मांडणारा पहिला माणूस सारांश करणाराच असतो.

दुसरी मुदत कलम ३४ ची, म्हणजे निवाडा रद्द करून मागण्याची. ती प्रत मिळाल्यापासून तीन महिने आहे. तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत. हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कॅलेंडरचे महिने मोजायला सांगितले आहे, म्हणून संस्थेची तारीख १० ऑक्टोबर २०२३ येते. पुरेसे कारण दाखवले तर न्यायालय आणखी ३० दिवसांपर्यंत अर्ज स्वीकारू शकते, म्हणजे ९ नोव्हेंबर २०२३ पर्यंत. त्यानंतर मात्र कोणत्याही कारणाने नाही. कलम ३३ चा अर्ज केलेला असेल तर हे तीन महिने त्या अर्जाचा निकाल लागल्यापासून मोजले जातात. सारांशात वाढीव ३० दिवसांची तारीख लिहावी की नाही, यावर मतभेद आहेत. माझ्या मते ती लिहावी, पण मूळ तारखेच्या शेजारी नव्हे. खाली वेगळ्या वाक्यात आणि ‘न्यायालयाने कारण मान्य केल्यास’ या शब्दांसह. शेजारी लिहिलेली वाढीव तारीखच लोक खरी तारीख समजतात.

कलम ३४ खाली न्यायालय निवाड्याची फेरतपासणी अपिलासारखी करत नाही, हेही सभासदांना माहीत नसते. लवादाने मोजमापाचा तक्ता चुकीचा निवडला असे वाटणे पुरेसे नाही. कलमात दिलेली ठरावीक कारणे दाखवावी लागतात. ही चर्चा सारांशाची नाही, वकिलाची आहे, म्हणून सारांशात तारखेपलीकडे जाऊ नये.

अंमलबजावणीबाबत एकच गोष्ट सारांशात यावी. कलम ३४ ची मुदत संपल्यावर निवाड्याची अंमलबजावणी दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे होते, म्हणजे ठेकेदाराला दरखास्त दाखल करून संस्थेच्या बँक खात्यावर जप्ती आणता येते. २०१५ पूर्वी कलम ३४ चा अर्ज दाखल केला की अंमलबजावणी आपोआप थांबत असे. आता तसे नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि पैशांच्या निवाड्यात रक्कम जमा करण्याची अट न्यायालय घालू शकते. म्हणून ‘आपण कोर्टात गेलो आहोत, आता पैसे द्यायची गरज नाही’ हे कार्यकारिणीत हमखास ऐकू येणारे वाक्य सारांशातील एका ओळीने आधीच खोडून काढावे.

हे सगळे मिळून आपल्या निवाड्याचा सारांश असा होईल:

‘वाद: इमारत दुरुस्तीच्या जानेवारी २०२० च्या करारातील अंतिम बिल, सुरक्षा अनामत, जादा काम आणि मजुरांचे नुकसान यांपोटी ठेकेदाराने ३१,२०,००० रुपये व व्याज मागितले. संस्थेने मोजमापे नाकारली आणि उशीर व गळती यांपोटी ८,८०,००० रुपयांचा प्रतिदावा केला. लवादाने ठेकेदाराचे २१,२०,००० रुपये आणि संस्थेचे १,२०,००० रुपये मान्य केले. मजुरांचे नुकसान आणि उशिराचा दंड या दोन्ही मागण्या फेटाळल्या.

रक्कम: संस्थेने ठेकेदारास मुद्दल २०,००,०००, ३० जून २०२३ पर्यंतचे व्याज ३,६०,००० आणि खर्च १,५०,०००, एकूण २५,१०,००० रुपये द्यायचे आहेत. मुदत चुकल्यास २३,६०,००० रुपयांवर “निवाड्याच्या तारखेपासून प्रत्यक्ष अदायगीपर्यंत” १२ टक्के व्याज, म्हणजे दिवसाला सुमारे ७७६ रुपये.

मुदत: स्वाक्षरीत प्रत १० जुलै २०२३ रोजी मिळाली, म्हणून पैसे ८ सप्टेंबर २०२३ पर्यंत भरावेत. ठेकेदाराने हमीपत्र २२ जुलै २०२३ पर्यंत द्यावे. पैसे देणे त्यावर अवलंबून नाही. चूक दुरुस्तीचा अर्ज ९ ऑगस्टपर्यंत, निवाडा रद्द करण्याचा अर्ज १० ऑक्टोबरपर्यंत. असा अर्ज केल्याने अंमलबजावणी आपोआप थांबत नाही.’

या मजकुरात आदेशातील परिच्छेद क्रमांक प्रत्येक आकड्यापुढे कंसात घालावेत, म्हणजे शंका आली की मूळ निवाडा उघडून ताडता येते. आदेशात पैसे भरण्याची मुदतच दिलेली नसेल तर तिसऱ्या भागात अंदाजाने तीस दिवस लिहू नयेत. कायद्यात अशी कोणतीही ठरलेली सवलतीची मुदत नाही. तेथे ‘निवाड्यात मुदत दिलेली नाही, रक्कम तत्काळ देय आहे आणि व्याज निवाड्याच्या तारखेपासून चालू आहे’ असे लिहावे. निवाडा अंतरिम असेल तर तो कोणत्या मागण्यांपुरता आहे आणि कोणत्या अजून प्रलंबित आहेत हे वादाच्या भागात यावे. तीन लवादांपैकी एकाने भिन्न मत दिले असेल तर सारांश बहुमताच्या निवाड्याचाच करावा, कारण अंमलबजावणी त्याचीच होते.

सारांशावर तो तयार केल्याची तारीख घालावी. त्यानंतर लवादाने कलम ३३ खाली आकडा दुरुस्त केला, न्यायालयाने स्थगिती दिली किंवा संस्थेने काही रक्कम भरली, तर जुन्या पानावर खाडाखोड न करता नवी तारीख घालून नवे पान करावे आणि जुने पान फाइलमध्ये तसेच ठेवावे.